गडद कार्डावर अक्षरांना पांढरी कडा येते: सुलेखन फोटोतून पारदर्शक उचलताना

बोरूने लिहिलेलं 'सस्नेह निमंत्रण' फोटोतून उचललं, पांढऱ्या पडद्यावर ते झकास दिसलं आणि मरून कार्डावर ठेवल्याबरोबर प्रत्येक अक्षराभोवती पांढुरकी, खरबरीत कडा उमटली. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे पत्रिका करणाऱ्यांच्या मागे लग्नसराईत हे दुखणं हमखास लागतं. पिवळसर किंवा क्रीम कार्डावर ती कडा लपून जाते, म्हणून दहा पत्रिका बिनतक्रार जातात. मरून किंवा गर्द हिरवं कार्ड निवडणारं गिऱ्हाईक आलं की पितळ उघडं पडतं.

कडा घासून काढायच्या मागे लागू नये. अक्षर उचलायची पद्धतच चुकलेली असते.

कडा येते कुठून

फोटोत शाई आणि कागद यांच्यामध्ये धारदार सीमा नसते. पूर्ण काळा ० आणि पूर्ण पांढरा २५५ या मापावर शाईचा पिक्सेल समजा ४० आहे आणि कागदाचा २३०, तर मधले तीन-चार पिक्सेल ८०, १३५, १९० असे चढत जातात. हे मधले पिक्सेल म्हणजे शाई आणि कागद यांचं मिश्रण. आता जिम्प या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधलं `Fuzzy Select Tool` घेऊन कागदावर क्लिक केलं आणि Delete दाबलं, तर मूळच्या १५ या `Threshold`वर साधारण २१५ पर्यंतचे पिक्सेल जातात. १९० चा पिक्सेल तसाच राहतो, आणि तोही पूर्ण अपारदर्शक. पांढऱ्यावर तो दिसत नाही, मरूनवर मात्र तीच पांढरी कडा होते. म्हणून `Threshold` वाढवावा, तर बोरूचा फटकारा जिथे बारीक होत संपतो ते टोकच खाल्लं जातं आणि 'स्ने'वरची मात्रा बोथट होते. निवड एक-दोन पिक्सेल आत घेतली की कडा कमी होते, पण शिरोरेषेपासून वेलांटीपर्यंत सगळंच हडकतं.

तेव्हा कापायचंच नाही. पिक्सेल किती काळा आहे यावरून तो किती अपारदर्शक असावा हे ठरवायचं, आणि फोटोतला रंग पूर्ण टाकून देऊन त्या जागी हवा तो सपाट रंग भरायचा. निम्मा शाईचा पिक्सेल मग निम्मा सोनेरी होतो. त्यात कागदाचा अंशही उरत नाही, त्यामुळे तो कुठल्याही रंगावर ठेवला तरी मिसळून जातो. यासाठी अक्षरं पूर्ण काळी आणि कागद पूर्ण पांढरा असलेलं चित्र आधी हातात हवं. बहुतेक मेहनत तिथेच जाते.

फोटो हातात पडतो तेव्हाच निम्मं काम बिघडलेलं असतं

उदाहरण ठरवून घेऊ. ए४ कागद आडवा, ६ मिमी रुंदीचा बोरू, काळी शाई, 'सस्नेह निमंत्रण' ही ओळ २२० मिमी लांब. मोबाइलचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा, आणि त्या ४००० मध्ये कागदासकट सुमारे ३२० मिमी मावले आहेत. म्हणजे दर मिलिमीटरला १२.५ पिक्सेल. बोरूचा जाड फटकारा ७५ पिक्सेलचा आणि आख्खी ओळ २७५० पिक्सेलची झाली. कार्डावर ही ओळ ५ इंच रुंद छापायची असेल तर दर इंचाला ३०० या हिशेबाने १५०० पिक्सेल पुरतात. हा फोटो उत्तम आहे.

हाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० वर येते. ओळ ११०० पिक्सेलची, फटकारा ३० चा, आणि ५ इंचांत दर इंचाला फक्त २२०. त्याहून वाईट म्हणजे जेपेगच्या दाबामुळे प्रत्येक फटकाऱ्याच्या बाजूला करड्या ठिपक्यांची झालर येते. पुढे लेव्हल्स, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादा, ताणल्या की ती झालर काळी होऊन अक्षराला मुंग्या लागल्यासारखी दिसते. यावर नंतर उपाय नाही. लिहिणारे चित्रकलेचे सर अथणीला आणि डिझाइन बेळगावात, अशी जोडी असेल तर त्यांना एवढंच सांगायचं: "सर, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, गॅलरीतनं नको."

फोटो काढताना खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्यावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि मोबाइल कागदाला समांतर धरावा. अगदी जवळ जाऊन काढलेल्या फोटोत ओळीची टोकं ताणली जातात, म्हणून जरा लांबून, दुप्पट झूमवर काढलेला बरा. खानापूर पट्ट्यात पावसाळ्यात कागद दमट होऊन कडेने उचलतो आणि त्या फुगवट्याची सावली फोटोत येते. चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली की सुटतं. ढगाळ उजेड मात्र या कामाला उन्हापेक्षा चांगला असतो.

हळद-कुंकू, वहीच्या रेघा आणि योग्य चॅनेल

चित्र थेट करडं करण्याची घाई करू नये. रंगीत फोटोत लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल असतात आणि त्यांतला एखादा निम्मी सफाई फुकटात करून देतो. शुभकार्याचा कागद म्हणून पुष्कळ घरांत कोपऱ्यांना हळद-कुंकू लावूनच कागद हाती देतात. कधी कुंकवाचं बोट थेट 'नि'च्या वेलांटीला लागलेलं असतं. करड्या चित्रात तो डाग शाईइतकाच गडद दिसतो आणि खोडरबराने घासायला गेलं तर वेलांटीही जाते. लाल चॅनेल उघडून पाहा. कुंकू आणि हळद दोन्ही लाल प्रकाश भरपूर परत पाठवतात, म्हणून लाल चॅनेलमध्ये ते डाग जवळजवळ कागदात विरून जातात. काळी शाई तिन्ही चॅनेलमध्ये काळीच राहते.

वहीच्या कागदावरच्या निळ्या रेघांना याच कारणाने निळा चॅनेल घ्यायचा. लिहिलेलंच निळ्या शाईने असेल तर उलट, लाल चॅनेलमध्ये ती शाई सर्वांत काळी दिसते. लाल शाईला हिरवा किंवा निळा घ्यावा. निळ्या रेघांवर निळ्या शाईने लिहिलं असेल तर मात्र हात टेकावेत आणि कोऱ्या कागदावर पुन्हा लिहून मागावं.

जिम्पमध्ये `Colors > Components > Extract Component` उघडून `RGB Red`, `RGB Green`, `RGB Blue` पाळीपाळीने पाहायचे आणि ज्यात अक्षर सर्वांत काळं व बाकी सर्वांत स्वच्छ दिसेल तो ठेवायचा.

एका कोपऱ्यात राखाडी ढग उरतो

खिडकीकडची बाजू २४० आणि लांबची १७०, हे अगदी नेहमीचं. अशा चित्रावर थेट लेव्हल्स ताणल्या तर एका कोपऱ्यात करडा ढग राहतो, किंवा तो घालवता घालवता उजेडाकडचं 'स' झिजतं. त्यामुळे आधी उजेड सपाट करायचा. लेयरची प्रत काढायची, त्या प्रतीतून अक्षरं पुसून फक्त उजेड ठेवायचा आणि मूळ चित्राला त्या उजेडाने भागायचं.

वरच्या प्रतीवर `Filters > Blur > Median Blur` लावा, `Radius` ८० आणि `Percentile` ९०. त्रिज्या फटकाऱ्याच्या जाडीपेक्षा थोडी जास्त हवी. आपला फटकारा ७५ चा म्हणून ८०. ९० पर्सेंटाइलचा अर्थ असा की त्या परिसरातल्या उजळ पिक्सेलांतून किंमत उचलली जाते, म्हणजे कागदाची, शाईची नाही. अक्षरं नाहीशी होऊन फक्त ढगाळ कागद उरला पाहिजे. त्यावर `Gaussian Blur` ४० चा देऊन खाचा गुळगुळीत करा. या लेयरचा `Mode` `Divide` ठेवला की कागद सगळीकडे सारखा पांढरा होतो. मग `Image > Flatten Image`.

इथे एक चूक फार होते. पुष्कळ जण मीडियन न लावता थेट मोठा गाउसियन ब्लर देतात, आणि तोही बहुधा चालतो. पण 'त्र' आणि 'ण' जिथे शिरोरेषेला भिडतात तिथे काळं क्षेत्र मोठं असतं. तिथला ब्लरही काळवंडतो आणि भागाकारानंतर अक्षराचं पोट फिकट पडतं. कडा काळी आणि आत करडं असं अक्षर दिसलं की समजावं, उजेडाच्या लेयरमध्ये शाई शिल्लक आहे. मीडियनची त्रिज्या १०० किंवा १२० करावी. जुन्या संगणकावर याला वेळ लागतो, चहा घेऊन यावा.

लेव्हल्स: किती ताणायचं

`Colors > Levels` मध्ये इनपुटचं काळं टोक ६० च्या आणि पांढरं टोक २२५ च्या आसपास ठेवून सुरुवात करा. शाईचं पोट पूर्ण ० व्हायला हवं आणि कागद पूर्ण २५५. पण दोन टोकं एकमेकांजवळ आणायची नाहीत. मधलं अंतर म्हणजेच कडेचा मऊपणा. ते २०-३० वर आलं की कडा पायऱ्यापायऱ्यांची होते.

कागद खरोखर २५५ झाला का, हे डोळ्यांना कळत नाही. २५० आणि २५५ पडद्यावर सारखेच दिसतात, पण २५० चा कागद पुढे दोन टक्के सोनेरी रंगाचा धुरकट चौकोन होऊन मरून कार्डावर उमटतो. कार्डाच्या मधोमध 'काहीतरी चौकोनी' दिसतंय अशी तक्रार आली तर कारण हेच. तपासण्यासाठी `Colors > Threshold` उघडून खालची मर्यादा २५५ करा. जे जे पूर्ण पांढरं नाही ते काळं दिसेल. अक्षरांपासून दूर काळे डाग दिसले तर `Cancel` करून लेव्हल्सचं पांढरं टोक आणखी खाली आणा, २१५, २१०. उरलेले चार-दोन कण ब्रशने पांढरे करावेत.

ठिपके घालवायला `Despeckle` किंवा 'लहान क्षेत्रं काढा' अशी सोय आंधळेपणाने वापरू नये. ती इंग्रजी अक्षरांसाठी बरी, कारण तिथे जायला फारसं काही नसतं. आपल्याकडे 'निमंत्रण'मधला अनुस्वार गेला की 'निमत्रण' राहतं, 'नमः'चा विसर्ग गेला की 'नम', आणि प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेतून हे सुटतं, कारण मजकूर आधीच पाठ असतो. या फोटोत बोरूचा अनुस्वार साधारण ७० पिक्सेल रुंदीचा चौकटसर ठिपका आहे आणि धुळीचा कण ३ ते ८ पिक्सेलचा. मर्यादा १५ च्या खाली ठेवली तर अनुस्वार सुरक्षित राहतो. १६०० पिक्सेलच्या लहान फोटोत, बारीक बोरूने लिहिलेल्या पत्त्याच्या ओळीत हा फरक जवळजवळ मिटतो. तिथे हातानेच साफ करावं.

सीमाभागातल्या पत्रिकेत कानडी ओळही असते, आणि ती हाताने लिहिलेली असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. कानडीतला अनुस्वार पोकळ वर्तुळाचा. लेव्हल्सचं काळं टोक जास्त चढवलं की ते वर्तुळ भरून ठिपका होतो. दोन्ही लिप्या एकाच फोटोत असल्या तरी कानडी ओळ वेगळी कापून तिला सौम्य लेव्हल्स द्याव्यात.

मास्क आणि रंग

आता चित्र करडं दिसतं. `Image > Mode` मध्ये `RGB` वर खूण आहे ना, हे आधी पाहा, नसेल तर ती करा. हे विसरलं की सोनेरी भरूनही करडंच दिसतं आणि माणूस अर्धा तास रंगाच्या डब्याशी झगडतो. मग `Layer > Transparency > Add Alpha Channel`. नंतर `Layer > Mask > Add Layer Mask`, त्यात `Grayscale copy of layer` निवडून `Invert mask` वर खूण करा. मास्कमध्ये पांढरं ते दिसतं आणि काळं ते लपतं, म्हणून उलटवायचं.

यानंतर लेयरच्या डाव्या लघुचित्रावर क्लिक करा, मास्कच्या नव्हे. पुढचा रंग `#D4A72C` घेऊन `Edit > Fill with FG Color`. आख्खा लेयर सोनेरी झाला आणि त्याला आकार मास्क देतो आहे. चुकून मास्कच निवडलेला असेल तर सगळं चित्र एकसारखं अर्धपारदर्शक होतं. `Ctrl+Z` आणि पुन्हा.

खाली तीन तात्पुरते लेयर करा: काळा, मरून आणि पोपटी. ४०० टक्क्यांवर झूम करून 'स्ने'चा जोड, वेलांटीचं टोक आणि अनुस्वार तिन्हींवर पाहा. पोपटीवर जी घाण दिसते ती मरूनवर लपते, म्हणून तो हवाच. अक्षर बारीक किंवा जाड वाटलं तर मास्क निवडून `Levels`चा मधला त्रिकोण हलवा. गडद पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षर पडद्यावर आहे त्याहून जाड भासतं, पण ऑफसेटवर भोवतीची मरून शाई पसरून तेच अक्षर बारीक करते. शिरोरेषा नाजूक असेल तर पडद्यावर किंचित जाड दिसली तरी तशीच ठेवावी.

अक्षरातूनच मागचा रंग दिसतो

हे कडेच्या उलट दुखणं. `Color to Alpha` वापरणाऱ्यांना ते जास्त होतं. पांढरा रंग पारदर्शक करताना तो आदेश काळ्यापेक्षा थोडी जरी फिकी असलेली शाई तेवढ्या प्रमाणात पारदर्शक करतो. शाई ४० ची असेल तर अक्षर पुरतं भरीव होत नाही आणि मरून झिरपतो. लेव्हल्स आधी नीट केल्या असतील तर हा आदेशही चालतो, पण मास्कमध्ये नंतर दुरुस्ती करता येते म्हणून मास्क बरा.

दुसरं कारण शाईची चकाकी. पोस्टर कलर किंवा दाट काळी शाई वाळल्यावर चमकते आणि खिडकीचं प्रतिबिंब फटकाऱ्याच्या मधोमध पांढरा पट्टा म्हणून येतं. तो पट्टा कागदाइतकाच उजळ असला की लेव्हल्सचं काही चालत नाही. कागद पाव वळसा फिरवून फोटो पुन्हा काढणं हाच उपाय. कागद परत गेला असेल तर मास्कवर पांढऱ्या ब्रशने ती भोकं भरावीत, कडेला स्पर्श न करता.

मात्र प्रत्येक भोक दोष नसतं. कोरड्या बोरूने ओढलेल्या शिरोरेषेत शाई तुटून कागदाचे दाणे दिसतात आणि लिहिणाऱ्याला बहुधा तेच हवं असतं. आमचं मत असं की शीर्षकात ते ठेवावं. वधूवरांच्या नावात शिरोरेषा अक्षरांच्या मधेच तुटत असेल तर तेवढी जोडावी, कारण लांबून वाचताना नाव दोन शब्दांसारखं फुटतं.

प्रेसला गेल्यावर कडा परत येते

तपासण्याचे लेयर काढून टाका, `Layer > Mask > Apply Layer Mask` करा आणि मग पीएनजी काढा. निर्यातीच्या चौकटीत `Save color values from transparent pixels` वर खूण ठेवा. ही खूण नसेल तर पूर्ण पारदर्शक पिक्सेलांखालचा सोनेरी रंग फाइलमधून जातो. पुढे एखाद्या सॉफ्टवेअरने चित्र लहान करताना शेजारचे पिक्सेल मिसळले की त्या रिकाम्या जागेचा काळा किंवा पांढरा रंग कडेत येतो. आपल्याकडे स्वच्छ, प्रेसमध्ये कडा, या कोड्याचं हे एक उत्तर. दुसरं उत्तर साधं आहे. पीएनजी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून गेली की ती जेपेग होते आणि पारदर्शकता उडते. तिथेही डॉक्युमेंटच.

छपाई खऱ्या सोनेरी फॉइलची किंवा स्क्रीन प्रिंटिंगची असेल तर ही पीएनजी कामाचीच नाही. तिथे अर्धा सोनेरी असा प्रकार नसतो, एकतर रंग लागतो किंवा लागत नाही. त्यांना लेव्हल्सनंतरचं काळं-पांढरं चित्र द्यायचं, दर इंचाला १२०० पिक्सेलने. ५ इंचांना ६००० पिक्सेल लागतात आणि आपली ओळ २७५० ची आहे. आधी करडं चित्र ओळीपुरतं कापून `Image > Scale Image` ने `Cubic` ठेवून ६००० पर्यंत वाढवा आणि त्यानंतर `Threshold` १२७ ला लावा. क्रम उलटला, म्हणजे आधी थ्रेशोल्ड आणि मग वाढवणं, तर पायऱ्याही दुपटीने मोठ्या होतात. प्रेसवाल्याने कोरलड्रॉसाठी व्हेक्टर मागितलं तर हेच मोठं चित्र इंकस्केपच्या `Path > Trace Bitmap` मध्ये घ्या आणि `Smooth corners` १ वरून ०.४ च्या आसपास आणा. मूळच्या किमतीवर बोरूचे तिरके कापलेले कोपरे गोल होतात. `Speckles` ची किंमतही पाहून घ्या. ती चढवत नेली तर अनुस्वार इथेही जातो.